पार्टीसाठी कॉकटेल आधीच बनवताय? मग पाण्याचा हिशेब विसरू नका

कुपवाडमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात गच्चीवर १२ जण जमणार असतील, तर प्रत्येक ग्लास वेगळा हलवत बसणे यजमानाला परवडत नाही. त्यामुळे एका ग्लासाचे प्रमाण १२ ने गुणले जाते. पण चव बिघडते, कारण बर्फाचे पाणी या गुणाकारात येतच नाही.

रम सावरचे उदाहरण घेऊ. एका ग्लासला ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, म्हणजे एकूण १०५ मिली. बर्फासोबत जोरात हलवून गाळल्यावर हेच साधारण १४५ मिली भरते. वाढलेले ४० मिली म्हणजे वितळलेला बर्फ. आपल्याकडचा नेमका आकडा हवा असेल तर आधी एकच ग्लास बनवून, गाळून मोजावा.

आता १२ ग्लासांसाठी ७२० मिली रम (७५० मिलीच्या एका बाटलीत भागते), ३०० मिली रस, २४० मिली पाक आणि ४८० मिली पिण्याचे पाणी. रम, पाक, पाणी आदल्या रात्री मिसळून फ्रिजमध्ये ठेवावे. रस मात्र त्याच दिवशी पिळावा, शिळा झाला की कडवटपणा येतो.

हे मिश्रण फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवू नये. त्यात अल्कोहोल जेमतेम १८ टक्के असल्याने उणे १८ अंशांवर त्याचा बर्फाचा चुरा होतो. उलट कोमट मिश्रण बर्फावर ओतले, तर बर्फ झपाट्याने वितळून पेय पुन्हा पाणचट होते.