फी आणि व्याज यांची शर्यत

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतला एक कामगार आपल्या आठ वर्षांच्या मुलीला इंजिनीअर करायचं ठरवतो, असं धरू. आज वर्षाची फी १ लाख आणि ती दरसाल ८ टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांनी पहिल्याच वर्षाची फी होईल सुमारे २ लाख १६ हजार. चारही वर्षांची मिळून पावणेदहा लाखांच्या आसपास.

आकडा बघून धडकी भरते. पण बचतीवरही ८ टक्केच व्याज मिळालं, तर फीची वाढ आणि व्याज एकमेकांना फिटवून टाकतात. मग हिशोब आजच्याच ४ लाखांचा उरतो. दहा वर्षं, दरवर्षाच्या सुरुवातीला भरायचे, म्हणजे यंदा ४० हजार.

खरी मेख पुढे आहे. पुढच्या वर्षी ४३,२०० भरायला हवेत, म्हणजे हप्ताही ८ टक्क्यांनी वाढवत न्यायचा. पगार वाढूनही हप्ता ४० हजारांवरच ठेवला, तर जमलेल्या पैशांत तीन वर्षांचीही फी पुरती भागत नाही. चौथं वर्ष अख्खं उघडं पडतं. हप्ता कायम एकच ठेवायचा असेल, तर सुरुवातीपासूनच सुमारे ५५,२०० लागतील.

आता एवढं व्याज मिळायचं कुठे? सुकन्या समृद्धी खात्याचा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला, पण त्याचा आढावा दर तिमाहीला घेतला जातो. शिवाय शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते. म्हणून सगळी बचत त्याच खात्यात अडकवू नये.