विश्लेषण : अमेरिकेतला १४ नंबरचा दात नागपुरात २६ नंबरचा कसा होतो?

डिसेंबर उजाडला की प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर भागातल्या अनेक घरांत परदेशी राहणारी मुले-मुली सुटीवर येतात. लग्नकार्य, खरेदी यांच्यासोबत दातांची रखडलेली कामेही इथेच उरकली जातात. गेल्या डिसेंबरात न्यूजर्सीहून आलेल्या माझ्या आतेबहिणीचा असाच बेत होता. तिकडच्या डेंटिस्टने दिलेला उपचाराचा कागद मोबाइलमध्ये होता. तो पाहून तिने प्रताप नगरातल्या एका क्लिनिकला फोन केला आणि ‘चौदा नंबरच्या दाताचे रूट कॅनल करायचे आहे’ असे सांगितले. केस पेपरवर १४ लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या वरच्या उजव्या बाजूच्या एका दातावर आरशाच्या दांड्याने हलकेच टकटक केली. दुखले नाही. ‘मग दुखते कुठे?’ या प्रश्नावर ताईने बोट ठेवले ते वर डावीकडे, मागच्या दाढेवर. डॉक्टरांनी मोबाइलमधला कागद मागून घेतला आणि केस पेपरवरचे १४ खोडून २६ लिहिले. तिकडे कुणी चुकले नव्हते आणि इकडेही नाही. दोन्ही ठिकाणी १४ हाच आकडा होता, पण तो दोन वेगवेगळ्या दातांचा होता.

नंबर देण्याच्या पद्धती किती?

रोजच्या वापरात तीन पद्धती आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी वापरली जाते ती एफडीआय पद्धत. एफडीआय ही दंतवैद्यकाची जागतिक संघटना आहे. बर्लिनच्या योआखिम फिओल यांनी आखलेली दोन अंकी पद्धत तिने १९७०च्या सुमारास स्वीकारली. आज आयएसओ ३९५० हे आंतरराष्ट्रीय मानक तिच्यावरच बेतलेले आहे.

अमेरिकेत मात्र युनिव्हर्सल पद्धत चालते. तिथल्या डेंटल असोसिएशनने ती १९६८मध्ये स्वीकारली. नाव ‘युनिव्हर्सल’ असले तरी वापर प्रामुख्याने अमेरिकेपुरता आहे. शेजारच्या कॅनडात एफडीआय पद्धत आहे. म्हणजे टोरांटोहून आलेल्या भावाचा १४ आणि न्यूजर्सीहून आलेल्या बहिणीचा १४ हे निराळे दात असतात.

तिसरी पद्धत सर्वात जुनी. व्हिएन्नाच्या झिग्मोंडी यांनी १८६१मध्ये ती मांडली आणि पुढे ती अमेरिकेच्या पामर यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यात अधिकच्या चिन्हासारखी उभी-आडवी रेघ मारून तोंडाचे चार भाग करतात आणि त्या त्या कोपऱ्यात १ ते ८ आकडा लिहितात. हाताने लिहायला ती सोपी, पण टाइप करताना रेघ गळाली की नुसता ‘६’ उरतो आणि चारपैकी कोणती दाढ ते कळत नाही.

एफडीआयचे दोन अंक काय सांगतात?

पहिला अंक तोंडाचा भाग सांगतो. वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३ आणि खाली उजवीकडे ४. दुसरा अंक म्हणजे समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजलेला क्रम. १ आणि २ हे समोरचे पटाशीचे दात, ३ हा सुळा, ४ आणि ५ उपदाढा, ६ आणि ७ मोठ्या दाढा, ८ म्हणजे अक्कलदाढ. म्हणून २६ म्हणजे वर डावीकडची पहिली मोठी दाढ. हा आकडा ‘सव्वीस’ न म्हणता ‘दोन-सहा’ असा वाचायचा असतो, कारण तो मोजणीतला सव्वीसावा दात नाही, तो पत्ता आहे.

युनिव्हर्सलमध्ये सरळ मोजणी आहे. वर उजव्या अक्कलदाढेला १, तिथून वरच्या जबड्यात डावीकडे जात डाव्या अक्कलदाढेला १६. मग खाली उतरून खालच्या डाव्या अक्कलदाढेला १७ आणि परत उजवीकडे येत खालच्या उजव्या अक्कलदाढेला ३२.

उजवे-डावे हे नेहमी पेशंटचे असते. डॉक्टर समोर असल्याने तक्त्यावर पेशंटची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे दिसते. सेल्फी पाहून दात ओळखू नका. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो काही मोबाइलमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो.

घोळ नेमका कुठे होतो?

११ ते १८, २१ ते २८, ३१ आणि ३२ हे १८ आकडे दोन्ही पद्धतींत वैध आहेत. त्यामुळे चुकीच्या पद्धतीने वाचले तरी कागदावर काहीच विचित्र दिसत नाही. उत्तर चूक असते, पण ते एका खऱ्या दाताचेच असते.

उलट काही आकडे पद्धतीची ओळख करून देतात. एफडीआयमध्ये ० किंवा ९ हे अंक येतच नाहीत. यादीत ३, ९, १०, १९, २०, २९, ३० यांपैकी एक जरी दिसला, तरी यादी एफडीआयची नाही. ३३ ते ३८ किंवा ४१ ते ४८ दिसले तर ती एफडीआयची. एक सावधगिरी म्हणजे एकटा आकडा ८ किंवा त्याहून लहान असेल तर तो पामरचाही असू शकतो, मग सोबत रेघ किंवा बाजू लिहिली आहे का ते पाहावे लागते.

बदल कसा करायचा?

आधी युनिव्हर्सल आकडा कोणत्या भागात पडतो ते पाहा, मग एकच बेरीज किंवा वजाबाकी करा. मिळणारे उत्तर हा एफडीआयचा दुसरा अंक. त्याच्या आधी भागाचा अंक लावा.

- १ ते ८ (वर उजवीकडे) : ९ मधून आकडा वजा करा, आधी १ लावा
- ९ ते १६ (वर डावीकडे) : आकड्यातून ८ वजा करा, आधी २ लावा
- १७ ते २४ (खाली डावीकडे) : २५ मधून आकडा वजा करा, आधी ३ लावा
- २५ ते ३२ (खाली उजवीकडे) : आकड्यातून २४ वजा करा, आधी ४ लावा

ताईच्या कागदावर तीन नोंदी होत्या : १४, १९ आणि ३०. सर्वात आधी १९ आणि ३० पाहून यादी अमेरिकन पद्धतीची हे निश्चित झाले. मग १४ वजा ८ म्हणजे ६, म्हणून २६. २५ वजा १९ म्हणजे ६, म्हणून ३६. ३० वजा २४ म्हणजे ६, म्हणून ४६. तिन्ही नोंदी पहिल्या मोठ्या दाढांच्या निघाल्या. या दाढा साधारण सहाव्या वर्षी येतात, त्यामुळे तोंडात सर्वाधिक काळ झिजतात आणि किडतातही. उत्तर वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखे होते.

आणखी एक पुरावा त्याच कागदावर होता. अमेरिकेत प्रत्येक उपचाराला कोड असतो. १४ समोर D3330 होते, म्हणजे मोठ्या दाढेचे रूट कॅनल. उपदाढेसाठी D3320 आणि समोरच्या दातांसाठी D3310 असते. एफडीआयचा १४ ही उपदाढ आहे. कोड मोठी दाढ म्हणतो आणि आकडा उपदाढ दाखवतो, म्हणजे वाचण्याची पद्धत चुकली आहे.

दुसऱ्यांदा बदलले तर?

ही चूक जास्त फसवी आहे. ताईचा १४ एकदा बदलून २६ झाला. हा २६ कुणी पुन्हा अमेरिकन समजून बदलला, तर २६ वजा २४ म्हणजे २, उत्तर ४२. वरच्या डाव्या दाढेऐवजी खालचा उजवा समोरचा दात! म्हणून बदललेला आकडा एकटा लिहू नये. ‘२६ एफडीआय, वर डावी पहिली मोठी दाढ, मूळ कागदावर १४ युनिव्हर्सल’ असे लिहिले की तिसऱ्या माणसाला अंदाज करावा लागत नाही.

यात काय पणाला लागते ते दात काढण्याच्या चिठ्ठीत दिसते. ब्रेसेससाठी जागा करायला अनेकदा चार पहिल्या उपदाढा काढतात. अमेरिकन यादीत त्या ५, १२, २१, २८ असतात. वरच्या नियमाने १४, २४, ३४, ४४ मिळतात. चारही ठिकाणी दुसरा अंक ४ आला, म्हणजे हिशेब जुळला. पण त्या यादीतला फक्त ‘२१’ वेगळ्या चिठ्ठीवर गेला, तर एफडीआयमध्ये तो वरचा डावा मधला पटाशीचा दात ठरतो. रूट कॅनलच्या आधी टकटक करून तपासता येते. उपदाढ निरोगी असताना काढायची असेल, तर दुखण्याचा पुरावाही नसतो.

मुलांच्या दातांचे काय?

दुधाच्या दातांना एफडीआयमध्ये भागाचे अंक ५ ते ८ आणि क्रम १ ते ५ असतो. युनिव्हर्सलमध्ये ए ते टी ही २० अक्षरे वर उजवीकडून त्याच दिशेने फिरतात. पामरमध्ये मात्र प्रत्येक भागात ए ते ई, आणि मोजणी मधल्या रेषेपासून. त्यामुळे वर उजवीकडचा ‘ए’ पामरमध्ये समोरचा दात, म्हणजे ५१, आणि युनिव्हर्सलमध्ये सर्वात मागची दाढ, म्हणजे ५५. या भागात दोन्हींत जुळतो तो फक्त मधला ‘सी’, म्हणजे सुळा, ५३.

हा नियम कुठे अपुरा पडतो?

दोन ठिकाणी. पहिले, दात काढलेला असेल तर उरलेल्यांचे नंबर सरकत नाहीत. उपदाढ काढलेल्या माणसाच्या तोंडात मोजत गेले, तर पहिली मोठी दाढ पाचवी भरते, पण तिचा दुसरा अंक ६च राहतो. नंबर जागेचा नसून त्या दाताचा असतो. दुसरे, काहींना नेहमीच्या ३२ हून जादा दात असतो. अमेरिकन पद्धतीत जवळच्या दाताच्या नंबरात ५० मिळवून त्याला नंबर देतात. म्हणजे तिथला ५१ हा पहिल्या दाताजवळचा जादा दात, तर एफडीआयचा ५१ हा दुधाचा दात. इथे आकडेमोड थांबवून एक्स-रेच पाहावा लागतो.

ताईने परत जाताना क्लिनिककडून झालेल्या कामाची नोंद मागून घेतली. त्यावर २६ होते. न्यूजर्सीत २६ म्हणजे खालचा समोरचा दात. त्यामुळे डॉक्टरांनी खाली आणखी एक ओळ लिहून दिली : वर डावीकडची पहिली मोठी दाढ, युनिव्हर्सल १४.