एकाच ताऱ्याचे दोनदा मोजलेले अंतर

१९२३ च्या ऑक्टोबरात, ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांनी शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीच्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्या काळी छायाचित्र काचेवर उतरत असे. काच धुऊन तपासताना त्यांना तीन नवे ठिपके दिसले. अचानक भडकून विझणारे ते नवतारे असावेत, अशी खूण त्यांनी शाईने केली. मग वेधशाळेतल्या जुन्या काचा काढून पाहिल्या, तेव्हा त्यातला एक ठिपका पूर्वीही दिसत होता असे आढळले. कधी ठळक, कधी फिका, पुन्हा ठळक. नवतारा असे करत नाही. हबल यांनी ती खूण खोडली आणि शेजारी 'व्हेरिएबल', म्हणजे रूपविकारी तारा, असे संक्षेपाने लिहून पुढे उद्गारचिन्ह दिले.

या ताऱ्याला पुढे 'व्ही-१' म्हणू लागले. त्याचे तेज दर ३१.४ दिवसांनी तोच फेरा पूर्ण करते. देवयानीचा तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतच आहे, की ती आपल्यासारखीच वेगळी दीर्घिका आहे, हा वाद तेव्हा चालू होता. तो या एका आकड्याने मिटला. पण हबल यांनी काढलेले अंतर खऱ्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी होते, आणि ते का चुकले हे कळायला जवळजवळ तीस वर्षे गेली.

व्ही-१ ज्या कुळातला, ते सेफीड तारे. वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्यावरून हे नाव पडले. जॉन गुडरिक या तरुण इंग्रज निरीक्षकाने १७८४ मध्ये त्याचा बदल टिपला. महाराष्ट्रातूनही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन स्थिर तेजाचे तारे आहेत. डेल्टा कधी झीटाइतका, तर कधी एप्सिलॉनपेक्षाही जरा फिका दिसतो. ५.३७ दिवसांच्या फेऱ्यात तो साधारण दीड दिवसात झपाट्याने उजळतो आणि उरलेले चार दिवस सावकाश मंदावतो. झटकन चढणारा आणि हळूहळू उतरणारा हा आलेख सेफीडची ओळख आहे. दोन तारे एकमेकांना ग्रहण लावत असतील तर आलेखाचा आकार वेगळा येतो.

तेज बदलते ते तारा खरोखर फुगतो आणि आकसतो म्हणून. त्याच्या पृष्ठभागाखाली हेलियमचा एक थर असतो. तारा आकसला की हा थर दाबला जातो, तापतो, तिथल्या हेलियम अणूंचा उरलेला इलेक्ट्रॉनही सुटतो आणि थर प्रकाशाला जास्त अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता अडते. उकळत्या भांड्यावरचे झाकण वाफ कोंडून वर उचलले जावे, तसा तो थर बाहेर ढकलला जातो. फुगताना तो निवतो, पुन्हा पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निसटते आणि गुरुत्वाकर्षण त्याला परत खाली ओढते. मग पुन्हा तेच.

या स्पंदनाला किती वेळ लागतो, ते ताऱ्याच्या सरासरी घनतेवर ठरते. मोठा, विरळ तारा सावकाश फुगतो आणि सावकाश आकसतो. लहान, घट्ट तारा भरभर. मोठ्या ताऱ्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो प्रकाशही जास्त फेकतो. त्यामुळे आवर्तकाल लांब तर खरे तेज जास्त, अशी सांगड आपोआप बसते.

ही सांगड सापडली तेव्हा तिचे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. हार्वर्ड वेधशाळेत ताशी तीस सेंट मजुरीवर काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांना ती सापडली. काचा पेरूमधल्या आरेकीपा येथून येत, कारण मॅगेलनचे मेघ दक्षिण गोलार्धातूनच नीट दिसतात. १९०८ मध्ये लेविट यांनी या मेघांतल्या १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी दिली. १९१२ मध्ये धाकट्या मेघातल्या २५ ताऱ्यांचे आवर्तकाल मांडले. ते सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत होते. आलेख काढला तर ठिपके जवळजवळ एका रेषेत आले.

लेविट यांच्या युक्तिवादाचे बळ धाकट्या मेघात होते. आकाशात इतरत्र एखादा तारा फिका दिसला, तर तो मुळात फिका आहे की दूर आहे हे कळत नाही. पण धाकट्या मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. तिथे जो दुप्पट तेजस्वी दिसतो, तो खरोखरच दुप्पट तेजस्वी असतो.

तरीही एक गोष्ट उरली. रेषेचा कल कळला, पण ती नेमकी किती उंचीवर ठेवायची हे कळले नाही. तीस दिवसांचा सेफीड तीन दिवसांच्या सेफीडपेक्षा किती पट तेजस्वी आहे हे सांगता येत होते. तो किती सूर्यांइतका आहे हे सांगता येत नव्हते. त्यासाठी निदान एका सेफीडचे अंतर स्वतंत्रपणे माहीत हवे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्याला पराशय म्हणतात आणि त्यातून अंतर मिळते. पण डेल्टा सुमारे ८९० प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या लांबचा पराशय त्या वेळच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून आधी डेन्मार्कचे हर्ट्‌झस्प्रुंग यांनी, मग अमेरिकेत हार्लो शॅपली यांनी, आपल्या आकाशगंगेतल्या मूठभर सेफीडच्या आकाशातल्या मंद सरकण्यावरून सरासरी अंतराचा अंदाज बांधला आणि रेषेची उंची ठरवली.

हबल यांनी व्ही-१ साठी शॅपलींचीच रेषा वापरली. हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. आवर्तकालावरून खरे तेज काढायचे, काचेवर दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना करायची, आणि तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते या नियमाने अंतर काढायचे. उत्तर आले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. शॅपली स्वतः आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षे रुंद मानत आणि देवयानी तिच्या आतच आहे असे म्हणत. फेब्रुवारी १९२४ मध्ये हबल यांनी ताऱ्याचा आलेख त्यांनाच पत्रातून पाठवला. ९ लाखांचा आकडा कितीही कच्चा असला, तरी तो तीन लाखांच्या आत बसणारा नव्हता.

आता हाच हिशेब आजच्या रेषेने करून पाहू. ३१.४ दिवसांच्या सेफीडचे खरे तेज सुमारे अकरा हजार सूर्यांइतके येते. खगोलशास्त्रात खऱ्या तेजाची तुलना तारा ३२.६ प्रकाशवर्षांवर आहे असे धरून करतात. वाटेतल्या धुळीने खाल्लेला प्रकाश हिशेबात परत जमा केला, तर व्ही-१ या प्रमाण अंतरावरून दिसला असता त्यापेक्षा सुमारे ५८० कोटी पट फिका दिसतो. ५८० कोटींचे वर्गमूळ साधारण ७६ हजार. ३२.६ ला ७६ हजारांनी गुणले की २५ लाख प्रकाशवर्षे. तोच तारा, तोच आवर्तकाल, आणि अंतर जवळजवळ तिप्पट. बदलली ती मुख्यतः रेषेची उंची.

चूक पकडली वॉल्टर बाडे यांनी. महायुद्धात लॉस एंजलिसचे दिवे मालवलेले असत. त्या गडद आकाशात माउंट विल्सनवरून त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे प्रथमच सुटे पाहिले. तिथले तारे म्हातारे आणि तांबूस. सर्पिल बाहूंतले तरुण आणि निळसर. पुढे पालोमारची दोनशे इंची दुर्बीण आल्यावर बाडे गाभ्याच्या बाजूला आरआर लायरी तारे शोधू लागले. हे एका दिवसाहून कमी आवर्तकालाचे म्हातारे तारे असून त्यांचे खरे तेज जवळपास सारखे असते. देवयानीचे तेव्हा मानलेले अंतर बरोबर असते, तर ते काचेच्या अगदी काठावर दिसायला हवे होते. ते दिसलेच नाहीत. त्या काठावर दिसले ते त्यांच्याहून सुमारे चौपट तेजस्वी असे तांबडे राक्षसी तारे.

चौपट तेजाचा फरक म्हणजे दुप्पट अंतर. १९५२ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत बाडे यांनी उलगडा मांडला. सेफीड दोन प्रकारचे आहेत. एक तरुण आणि जड, सर्पिल बाहूंतले. दुसरे म्हातारे आणि हलके, गोलाकार तारकागुच्छांतले. आवर्तकाल सारखा असला तरी म्हातारा सेफीड तरुणाच्या सुमारे पावपट तेजाचा असतो. शॅपलींनी दोघांना एकाच रेषेवर बसवले होते. खरे तर ते बसायला नको होते. पण आपल्या आकाशगंगेतल्या तरुण सेफीडचा प्रकाश वाटेतली धूळ खात होती आणि ती धूळ तेव्हा कुणी हिशेबात धरली नव्हती. त्यामुळे ते होते त्याहून फिके ठरले आणि म्हाताऱ्यांच्या रेषेला बरोबर जुळले. व्ही-१ तरुण प्रकारातला. त्याचे तेज कमी धरले गेले, म्हणून अंतरही कमी निघाले. बाडे यांच्या दुरुस्तीने दीर्घिकांची अंतरे एकदम दुप्पट झाली. विश्वाचे वय पृथ्वीवरच्या खडकांपेक्षा कमी निघत होते, तो पेचही त्यामुळे सैल झाला.

तेव्हापासून सेफीडवरचे बरेचसे काम रेषेची उंची पक्की करण्याचेच आहे. धुळीचा त्रास कमी व्हावा म्हणून आता अवरक्त प्रकाशात मोजतात, कारण धूळ तो कमी अडवते. दूरच्या दीर्घिकेत दुसरी अडचण येते. सेफीडच्या अगदी लगत दुसरा तारा असेल, तर दोघांचा प्रकाश एकत्र येतो, सेफीड जास्त तेजस्वी भासतो आणि अंतर कमी निघते. ही भेसळ ओळखता येते. शेजाऱ्याचा प्रकाश बदलत नसल्याने एकूण तेजाची चढउतार त्या आवर्तकालाच्या सेफीडमध्ये असायला हवी त्यापेक्षा कमी भरते. रेषेच्या उंचीसाठी आता गाया या अवकाशयानाने आकाशगंगेतल्या सेफीडचे पराशय थेट मोजले आहेत.

हबल यांच्याच नावाच्या अवकाश दुर्बिणीने १९९४ मध्ये एम-१०० या दीर्घिकेतले सेफीड वेगळे ओळखले आणि तिचे अंतर सुमारे ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षे निघाले. त्याहून फार दूर सुटे सेफीड दिसेनासे होतात. तिथे सेफीडनी अंतर ठरवून दिलेल्या दीर्घिकांतले अतिनवतारे वापरून पुढचे माप घेतात. अशा मोजणीतून विश्वप्रसरणाचा दर दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ७३ किलोमीटरच्या आसपास येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून काढला तर तो ६७ च्या आसपास निघतो. जेम्स वेब दुर्बिणीने तेच सेफीड जास्त स्पष्ट पाहिले, तरी शेजाऱ्यांच्या भेसळीने हा फरक भरून निघत नाही असे दिसले. म्हणजे फरक दूरच्या ताऱ्यांची गर्दी नव्हे. तो मापाच्या एखाद्या दुसऱ्या पायरीत असेल, किंवा विश्वाच्या आपल्या समजुतीत. १९५२ मध्ये वाद दुपटीचा होता. आज तो आठ-नऊ टक्क्यांचा आहे, आणि तो सोडवताना पहिला प्रश्न अजूनही तोच विचारला जातो: रेषा नेमकी किती उंचीवर ठेवली आहे?