एकाच उंचीच्या दोन वेळा

सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू t सेकंदांनी किती उंचीवर असेल, हे h = 20t − 5t² या वर्गसूत्रावरून कळते. इथे गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी सोयीसाठी 10 धरले आहे आणि हवेचा विरोध सोडून दिला आहे. पहिल्या सेकंदाअखेर चेंडू 15 मीटरवर असतो, दुसऱ्याअखेर 20 मीटरवर, तिसऱ्याअखेर पुन्हा 15 मीटरवर आणि चौथ्या सेकंदाला जमिनीवर. वेळ सांगितली की उंची एकच मिळते, म्हणून हे फल आहे.

प्रश्न उलटा केला की अडचण येते. चेंडू 15 मीटरवर असताना किती वेळ झाला होता? 1 सेकंद हे उत्तर बरोबर आणि 3 सेकंद हेही बरोबर. फलाला एका प्रश्नाची दोन उत्तरे देता येत नाहीत, त्यामुळे उंचीवरून वेळ सांगणारे व्यस्त फल इथे अस्तित्वातच नाही. ते मिळायला मूळ फल एकास-एक हवे, म्हणजे दोन वेगळ्या वेळांना कधीही एकच उंची येता कामा नये. आलेखावर हे लगेच दिसते: 20 मीटरखाली कुठेही आडवी रेषा ओढली तरी ती अन्वस्ताला दोन ठिकाणी छेदते.

यावर उपाय म्हणजे सूत्राला हात न लावता त्याचा प्रांत, म्हणजे t च्या चालणाऱ्या किमतींचा संच, लहान करणे. तो कुठे कापायचा हे पूर्ण वर्ग केल्यावर समजते:

h = 20 − 5(t − 2)²

कंसातला वर्ग शून्य होतो तो t = 2 ला. हाच शिरोबिंदू, चेंडू वळतो तो क्षण. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या वेळांना सारखीच उंची येते. म्हणून नव्या प्रांताने शिरोबिंदू ओलांडायचा नाही. सवयीने ‘t धन आहे’ एवढीच अट घालणारे इथे फसतात, कारण 1 आणि 3 दोन्ही धनच आहेत. ती अट पुरते ती शिरोबिंदू t = 0 वर असलेल्या x² सारख्या फलाला.

आता 0 ते 2 सेकंद, म्हणजे चेंडू वर जातानाचा काळ, हा प्रांत घेऊ. (t − 2)² = (20 − h)/5 असे मांडून वर्गमूळ काढले की t − 2 ची किंमत धन किंवा ऋण निघू शकते. निवड प्रांत करतो: t हा 2 पेक्षा मोठा नाही, म्हणून t − 2 धन असूच शकत नाही. तेव्हा ऋण मूळ घ्यायचे:

t = 2 − √((20 − h)/5)

या व्यस्त फलात h ला 0 ते 20 एवढ्याच किमती देता येतात, कारण चेंडूने गाठलेल्या उंची तेवढ्याच आहेत. मूळ फलाचे उत्तर हा व्यस्त फलाचा प्रांत बनतो. h = 15 घातले की √1 म्हणजे 1, आणि t = 1. उतरतानाचा, म्हणजे 2 ते 4 सेकंदांचा प्रांत घेतला असता तर वर्गमुळाआधी अधिक चिन्ह आले असते आणि उत्तर 3. दोन्ही निवडी गणिताला सारख्याच मान्य आहेत. कोणती घ्यायची हे प्रश्न चढत्या चेंडूचा आहे की उतरत्या, यावर ठरते.

चिन्ह चुकले आहे का, हे पडताळताना बरेच जण अर्धीच परीक्षा करतात. मिळालेली वेळ मूळ सूत्रात घालून उंची परत आली की ते थांबतात. पण ही परीक्षा अधिक आणि वजा, दोन्ही चिन्हांची सूत्रे उत्तीर्ण होतात. 1 घातला काय आणि 3 घातला काय, 15 येणारच. खरी कसोटी दुसऱ्या दिशेची आहे: प्रांतातली एक वेळ घ्यावी, तिची उंची काढावी आणि त्या उंचीवरून वेळ परत काढावी. उतरत्या चेंडूसाठी चुकून वजा चिन्हाचे सूत्र वापरले, तर 3 सेकंदांवरून 15 मीटर आणि 15 मीटरवरून 1 सेकंद मिळेल. निघालो तिथे परतलो नाही, म्हणजे चिन्ह चुकले. पडताळणीची वेळ मात्र 2 नसावी, कारण शिरोबिंदूवर दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात.

बरोबर काढलेले व्यस्त फलही शिरोबिंदूजवळ जपून वापरावे लागते. तिथे मूळ आलेख सपाट होत जातो, आणि व्यस्त फलाचा आलेख हे त्याचेच y = x या रेषेतले प्रतिबिंब असल्याने तो तेवढाच उभा होतो. उंची 20 मीटरऐवजी 19.95 मोजली गेली, तर वेळ 2 ऐवजी 1.9 सेकंद येते: 5 सेंटिमीटरच्या चुकीने 0.1 सेकंदाचा फरक. 15 मीटरपाशी तेवढ्याच चुकीने वेळ जेमतेम 0.005 सेकंदाने बदलते, कारण तिथे चेंडूचा वेग सेकंदाला 10 मीटर असतो. चेंडू किती वाजता वळला हे उंची मोजून ठरवणे म्हणूनच कठीण जाते.