भाड्याच्या घरात स्वयंपाकाला ताई ठेवायच्यात? घरमालकाला काय विचारायचं आणि पडताळणी कोणी करायची?

बदली होऊन नंदुरबारला आलेल्या बँक कर्मचाऱ्याचं उदाहरण घेऊ. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली घरमालक आणि 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. महिनाभर डबा खाऊन कंटाळा आला, म्हणून स्वयंपाकाला ताई ठेवायचं ठरलं. आता प्रश्न असा की यासाठी मालकाची परवानगी लागते का?

बरेच जण म्हणतात, "भाडं भरतो, मग कुणाला बोलवायचं ते आमचं आम्ही बघू." करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर हे पूर्णपणे खरं नाही. असा करार म्हणजे जागा वापरायची व्यक्तिगत मुभा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 56 सांगतं की ही मुभा दुसऱ्याला देता येत नाही आणि वेगळं ठरलं नसेल तर नोकरांमार्फतही वापरता येत नाही. मात्र त्याच कलमातल्या उदाहरणात, धान्य साठवायला दिलेल्या जागेत त्या कामापुरतं नोकरांनी येणं मान्य केलं आहे. म्हणजे भाडेकरूसाठी पोळ्या करायला ताईंनी दीड तास येणं वेगळं आणि ताईंनी त्या खोलीत मुक्काम करणं वेगळं. मुक्काम असेल, तर लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. येऊन-जाऊन काम असेल, तर आधी करारातली "अन्य व्यक्ती" हे शब्द असलेली अट वाचावी आणि एक मेसेज टाकावा. तो असा असू शकतो:

"नमस्कार काका. 1 तारखेपासून स्वयंपाकासाठी एक ताई ठेवायचा विचार आहे. त्या रोज सकाळी 7 ते 8.30 येतील, मुक्कामाला राहणार नाहीत. मी घरी असतानाच येतील, त्यामुळे किल्ली देणार नाही. ओळखपत्र मी स्वतः पाहीन. पोलीस ठाण्यात माहितीही मीच देईन आणि पोच तुम्हाला दाखवेन. तुमची हरकत नसेल तर इथेच कळवा."

मालकाची खरी काळजी गेटची किल्ली आणि नंतरची जबाबदारी ही असते. या मेसेजमध्ये दोन्हींचं उत्तर आहे. "हो" फोनवर आलं, तरी "ठरल्याप्रमाणे" एवढं लिहून पाठवावं, म्हणजे पुढे वाद होत नाही.

आता पडताळणी. यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे ठाण्यात माहिती देणं. ताईंचं नाव, फोटो, पत्ता आणि कामाची वेळ लिहिलेला अर्ज शहर किंवा उपनगर, ज्या ठाण्याची हद्द असेल तिथे द्यायचा. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का घ्यायचा. हे झालं म्हणजे पोलिसांनी ताईंना "क्लीन चिट" दिली असं नाही, फक्त नोंद झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावाने होतो, त्यामुळे ताईंची संमती हवीच. शुल्क आणि सायबर कॅफेचा खर्च कामावर ठेवणाऱ्याने द्यावा, तो पगारातून कापणं बरोबर नाही.

नंदुरबारमध्ये इथे एक अडचण येते. अक्राणी, अक्कलकुवा भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. आधारवर पाड्याचा पत्ता असतो, राहणं शहरात आणि मधली काही वर्षं सुरतेकडे. म्हणून अर्जात मूळ पत्ता आणि आत्ताचा पत्ता असे दोन्ही लिहावेत. पत्ता जुळत नाही एवढ्यावरून संशय घेणं चुकीचं आहे. ताई अमुक समाजाच्या आहेत म्हणून जास्त कागद मागणं तर त्याहून वाईट.

ओळखपत्र पाहताना आधारची नुसती झेरॉक्स फार कामाची नाही, कारण त्यावरचा फोटो आणि नाव सहज बदलता येतं. कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अ‍ॅपने स्कॅन करून तीच माहिती येते का, ते बघावं. मालकाला प्रत द्यायचीच असेल, तर ताईंना विचारून मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. पूर्ण आधारचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकणं अजिबात नको.

काही ताईंकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचं कार्ड असतं. 2008 च्या कायद्याने आलेल्या या मंडळाची नोंदणी 18 ते 60 वयासाठी आहे. त्यावरून त्या घरकाम करतात हे कळतं, पोलीस रेकॉर्ड कळत नाही. "मुलगी येईल माझ्याऐवजी" असं कुणी म्हटलं, तर वय विचारा. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं गुन्हा आहे.

शिवाय प्रमाणपत्र त्या तारखेपर्यंतच्या नोंदीच सांगतं. म्हणून आधी जिथे काम केलं, त्या एका घरी फोन करून किती महिने काम केलं आणि का सोडलं, एवढं विचारलं तर अनेकदा जास्त कळतं. काम थांबलं की मालकाला कळवायचं, किल्ली दिली असेल तर परत घ्यायची आणि ताईंच्या कागदांच्या प्रती त्यांना परत द्यायच्या.