कॉफी जेवणाआधी की जेवणानंतर? ताटातल्या लोहाचा हिशोब



बैठकीत एचबी तपासणीचा विषय निघाला की हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं, "मी तर चहा कधीच सोडला, पित्त होतं म्हणून. आता कॉफीच घेते." चहाने रक्त कमी होतं हे आशाताईंकडून सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे कॉफीवर कुणाचा संशय जात नाही. दुकानात दोन रुपयांची पुडी मिळते, गरम दुधात टाकली की झाली. पण जेवणासोबत घेतली तर कॉफीसुद्धा अन्नातलं लोह अडवते. चहापेक्षा थोडं कमी, पण अडवते.

आधी हे होतं कसं ते बघू. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे यांत लोह असतं. ते पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. आतड्यातून जेवढं आत शिरेल तेवढंच आपलं, बाकीचं शौचावाटे बाहेर जातं. कॉफीमध्ये काही तुरट द्रव्यं असतात. ती अन्नातल्या लोहाला चिकटतात आणि दोघांची मिळून अशी गाठ बनते की आतड्याला ती आत घेता येत नाही. म्हणजे लोह ताटात होतं, पोटातही गेलं, पण खात्यावर जमा झालं नाही.

आता दोन गैरसमज. "मी दूध घालून घेते" असं बऱ्याच जणी सांगतात. दुधाने कॉफीची चव सौम्य होते, लोह काही सुटत नाही. दुसरं म्हणजे हे काम कॅफिनचं नाही. झोप उडवणारं द्रव्य वेगळं आणि लोह धरून ठेवणारं वेगळं, म्हणून कॅफिन काढलेली महागडी कॉफी घेऊन इथे काही उपयोग नाही. कॉफी जितकी दाट, तितकी अडवणूक जास्त, एवढं मात्र खरं.

मांस-मासळीतल्या लोहाचा एक भाग वेगळ्या प्रकारचा असतो, त्याला कॉफी फारशी अडवत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या ताटात मटण-मासे रोज नसतात. आपलं जवळजवळ सगळं लोह भाकरी, डाळ आणि भाजीतून येतं, म्हणूनच हा विषय आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा.

आता वेळेचं बघू. 1983 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं होतं. जेवणासोबत एक कप कॉफी दिली तेव्हा लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं. चहा दिला तेव्हा 64 टक्क्यांनी. पुढे त्यांनी कॉफीची वेळ बदलून पाहिली. जेवणाच्या एक तास आधी कॉफी दिली तर शोषण अजिबात घटलं नाही. जेवणानंतर एक तासाने दिली, तर मात्र जेवणासोबत दिल्याइतकंच घटलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही विचित्र वाटलं. आधीचा एक तास चालतो, मग नंतरचा का नाही? विचार केला तर सोपं आहे. कॉफी पातळ असते, रिकाम्या पोटातून ती लवकर पुढे सरकते. तासाभराने तुम्ही जेवायला बसता तेव्हा तिची आणि भाकरीची गाठ पडत नाही. उलट भाकरी-भाजीचं जेवण पोटात दोन-तीन तास हळूहळू दळलं जात असतं. जेवून तास झाला तरी बरंचसं अन्न तिथेच असतं, वरून कॉफी आली की ती थेट त्यात मिसळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असा आहे. त्यातला "किमान" हा शब्द लक्षात ठेवा. माझं सांगणं असं की आधी एक तास पुरे, नंतर मात्र दोन तास जाऊ द्या.

आता आपल्याच एका शिलाई युनिटमधल्या ताईंचा दिवस बघू. नाव सांगत नाही. सकाळी साडेआठला कॉफीत चपाती बुडवून नाश्ता. दुपारी एकला डबा, त्यात दोन बाजरीच्या भाकरी, मेथीची भाजी, थोडं वरण. जेवून हात धुतला की लगेच कॉफी, कारण जेवल्यावर मशीनवर डोळे मिटतात. संध्याकाळी पुन्हा एक कप. एचबी 9.8. गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात (गरोदरपणी 11 च्या खाली), म्हणजे त्यांचं चांगलंच कमी.

त्यांच्या दुपारच्या डब्यात साधारण 8 मिलिग्रॅम लोह धरू. आपल्यासारख्या जेवणातून शंभरातलं साधारण आठच रक्तात जातं, म्हणजे सुमारे 0.64 मिलिग्रॅम. वरून कॉफी आली आणि 39 टक्के गेले, तर उरलं 0.4 च्या आसपास. रोज 0.24 चं नुकसान. दिसायला काहीच नाही, पण आपण बचत गटातल्या बायका, रोजचे दोन रुपये महिन्याला किती होतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महिन्याला हे सात मिलिग्रॅमच्या वर जातं. पाळीत साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं. म्हणजे पाळीत जितकं जातं त्याच्या निम्म्याच्या जवळपास फक्त दुपारच्या एका कपात अडकलं.

हा हिशोब थोडा कडक आहे, हेही सांगते. शरीरात लोह कमी असलं की आतडं थोडं जास्त ओढून घेतं. शिवाय रोजच्या मिश्र जेवणात परिणाम एका जेवणाच्या चाचणीइतका मोठा दिसत नाही. ज्यांचं एचबी 13 आहे आणि अंगावर जास्त जात नाही, त्यांना जेवणानंतरच्या एका कपाने फारसा फरक पडणार नाही. पण ज्यांचं आधीच काठावर किंवा खाली आहे, त्यांनी हे सात मिलिग्रॅम सोडू नयेत, कारण त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

या ताईंनी कॉफी सोडली नाही. मी सोडायला सांगितलंही नाही, कारण सोडायला सांगितलेली गोष्ट आठ दिवस टिकते. फक्त वेळ हलवली. सकाळची कॉफी उठल्यावर साडेसहाला, नाश्ता आठ-साडेआठला. दुपारी जेवणानंतर नुसतं पाणी, आणि झोप घालवायला दहा मिनिटं युनिटच्या अंगणात फेरी. कॉफी साडेतीनला. तोपर्यंत जेवून अडीच तास होतात. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत कप नाही. रिकाम्या पोटी कॉफीने पित्त होत असेल तर सोबत एखादा टोस्ट किंवा बिस्किट घ्या. त्यात लोह फारसं नसतं, त्यामुळे काही बुडत नाही. पण साडेतीनच्या कॉफीबरोबर शेंगदाण्याची चिक्की किंवा मोड आलेली मटकी खाऊ नका, ते पुन्हा तेच झालं.

घरी पाहुणे आले, लग्नात जेवल्यावर कप पुढे आला, तर नाही म्हणणं अवघड असतं. अशा वेळी अर्धा कप घ्या, पातळ घ्या, आणि जेवताना भाजीवर लिंबू पिळलेलं असू द्या. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोहाला आत जायला मदत करतं, कॉफीचं नुकसान थोडंफार भरून निघतं. लिंबू ताटात पिळायचं, उकळत्या भाजीत नाही. उष्णतेने त्यातलं काम करणारं जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं.

आता लाल गोळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गोळी हातात आली की बऱ्याच जणी हातातल्या कॉफीबरोबरच गिळतात. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, अख्ख्या दिवसाच्या जेवणापेक्षा जास्त. ती पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि पुढचे दोन तास कॉफी-चहा नको. मळमळ होत असेल तर जेवल्यानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. रात्रीची वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण त्यानंतर कुणी कॉफी पीत नाही. गरोदर ताईंना कॅल्शियमची गोळीही मिळते. ती आणि लाल गोळी एकत्र घ्यायची नाही, दोघींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं. गोळीने शौच काळं होतं, त्याला घाबरू नका.

फरक पडतोय की नाही हे अंगाला कसं वाटतं यावरून ठरवू नका, तपासणीवरून ठरवा. नियमित गोळी चालू असेल तर महिन्याभरात एचबी साधारण 1 ग्रॅमने वाढायला हवं. नुसती कॉफीची वेळ बदलली असेल तर वाढ सावकाश होते, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आकडा आणि तारीख गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर मागच्या वेळी किती होतं हे कुणालाच आठवत नाही. गोळी घेऊन, वेळ पाळूनही आकडा हलत नसेल, तर कारण कॉफीत शोधत बसू नका. पाळीत जास्त जाणं, जंत, मूळव्याधीतून रक्त जाणं, असं काहीही असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायचं. एचबी 7 च्या खाली असेल तर वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी जायचं.

एक गोष्ट घरातल्या लेकरांची. सकाळी शाळेची घाई असते, मूल भाजी खात नाही, म्हणून कपात चपाती बुडवून दिली जाते. चहा असो की कॉफी, त्या चपातीतलं लोह तिथेच अडकतं, आणि वाढत्या वयाच्या मुलीला तर ते आपल्याइतकंच लागतं. चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळून द्या, किंवा मेथी-पालक पिठातच मळा. दूध हवं असेल तर ते वेगळं, शाळेतून आल्यावर.