नाणेघाटाचा वारा आणि मिसरची जहाजं

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे येतं, आणि तिथून नाणेघाटाची जुनी पायवाट सह्याद्रीवर चढते. भर आषाढात वर पोचलात तर एक अजब प्रकार दिसतो. कड्यावरून खाली कोसळायला निघालेला धबधबा अर्ध्यातूनच माघारी फिरतो आणि पाणी उडत पुन्हा पठारावर येऊन पडतं. पश्चिमेकडून आलेला वारा कोकणाच्या सपाटीवर मोकळा सुटलेला असतो. कड्याला धडकून त्या अरुंद घळीत शिरला की त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही, आणि मग पाण्याची विरळ धार त्याच्यापुढे टिकत नाही. वारा जरा मंदावला की तेच पाणी मुकाट खाली जातं.

हा वारा येतो कुठून? उन्हाळ्यात आशियाचा भूभाग तापतो, हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावते. ती निघालेली असते थेट विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे वळू लागते. पश्चिमेला पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाची भिंत असल्याने तो सगळा लोट सोमालियाच्या किनाऱ्याजवळ दाटून अरबी समुद्रावर सुटतो. त्याचा सर्वांत जोरकस पट्टा समुद्रापासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर असतो. घाटमाथा जवळजवळ तेवढ्याच उंचीला भिडलेला, म्हणून नाणेघाटात उभं राहणारा माणूस या वाऱ्याच्या ऐन तोंडीच उभा असतो.

हिवाळ्यात सगळं उलटं होतं. आशिया गारठतो, जड हवा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागते, म्हणजे आपल्याकडे ईशान्येकडून. पण मध्य आशियाची खरी कडाक्याची थंडी हिमालय पलीकडेच अडवून धरतो. त्यामुळे हा परतीचा वारा सौम्य असतो, आकाश निरभ्र आणि समुद्र शांत. येताना दांडगा वारा, जाताना समजूतदार. जुन्या दर्यावर्दी व्यापाराचं सगळं वेळापत्रक या जोडीवर बेतलेलं होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजाचंच उदाहरण घेऊ. ‘पेरिप्लस’ हे त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं मार्गदर्शक आणि रोमन लेखक प्लिनी, दोघांकडून हिशेब जुळतो. जहाज तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर जुलैच्या सुमाराला सोडायचं. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात उत्तरेचा वारा असतो, त्यावर ते साधारण तीस दिवसांत त्याच्या दक्षिण मुखाशी, ओकेलिसला पोचायचं. तिथून पुढे नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन खुला समुद्र. केरळातल्या मुझिरिसला पोचायला प्लिनी चाळीस दिवस धरतो. बेरीज करा, सत्तर दिवस झाले. म्हणजे जहाज आपल्या किनाऱ्याला लागायचं सप्टेंबरच्या अखेरीस.

आता कोणीही विचारेल, वारा तर जूनपासूनच वाहत असतो, मग महिनाभर आधी का निघू नये? मला हीच या वेळापत्रकातली सर्वांत शहाणपणाची जागा वाटते. खुल्या समुद्रात वादळी वारा जहाज पळवतो, पण किनारा जवळ आला की तोच त्याला खडकांवर लोटतो, आणि शिडाच्या जहाजाला वाऱ्याविरुद्ध माघारी फिरता येत नाही. भर पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर येणं म्हणजे आत्मघात. म्हणून अशा बेताने निघायचं की मध्यावर वारा भरपूर मिळावा आणि किनारा दिसेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असावा. आपल्या कोळ्यांच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरतात, त्यामागे हेच कारण आहे.

आणि इथे नाणेघाट पुन्हा गोष्टीत येतो. जो वारा समुद्र बंद ठेवतो, तोच पाऊस आणून घाटही बंद ठेवतो. शेवाळलेल्या दगडांवरून लादलेले बैल उतरवणं पावसाळ्यात अशक्यच. भादवा सरता सरता बंदरात जहाजं लागतात आणि त्याच सुमाराला घाटवाटाही कोरड्या होऊ लागतात. कल्याण आणि सोपारा ही बंदरं खाली, जुन्नर वर. सोपाऱ्याहून नाशिककडे जाणाऱ्यांना आजच्या शहापूर तालुक्यातला थळघाट, तर जुन्नर-पैठणकडे जाणाऱ्यांना नाणेघाट. बैलाची रोजची मजल पंधरा-वीस किलोमीटर धरली तर जुन्नर ते कल्याण हे आठवड्याभराचं काम. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने मिळायचे. तेवढ्यात वरून कापड आणि अकीक-गोमेदासारखे खडे खाली यायचे, आणि भूमध्य समुद्राकडची मद्यं, तांबं, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी वर जायची. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणांची मोजदाद आहे, आकड्यांनिशी. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा होत असे असं स्थानिक लोक सांगतात. लेखात जकातीचा उल्लेख नाही, तरी राजघराण्याने स्वतःच्या मूर्ती आणि दानाची यादी नेमकी या खिंडीत कोरावी, यातूनच वाटेची किंमत कळते. जुन्नरच्या लेण्यांत तर स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत.

परतीचा मुहूर्तही ठरलेला. प्लिनी सांगतो, डिसेंबरात निघावं, फार तर १३ जानेवारीच्या आत. ईशान्येच्या वाऱ्यावर एडनच्या आखातापर्यंत जायचं. तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात हिवाळ्यात दक्षिणेचा वारा मिळतो, पण उत्तर भागात कायम उत्तरेचाच, म्हणजे तोंडावर. बेरेनिके आजच्या सुएझजवळ न वसता इतकं दक्षिणेला का वसलं, याचं मोठं कारण हेच. जहाजाला तोंडच्या वाऱ्याशी झगडायला लावण्यापेक्षा माल तिथेच उतरवून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत नेणं परवडत असे. त्या बेरेनिकेच्या देवळाच्या आवारात उत्खननात हिंदुस्थानी बनावटीचं एक मातीचं भांडं मिळालं, आत साडेसात किलो काळी मिरी. तिथे सागवानही सापडलं आहे.

या वाऱ्याचा शोध हिप्पालस नावाच्या खलाशाने लावला, असं सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही. स्ट्राबो एक जुनी हकिगत देतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक हिंदी खलाशी अर्धमेला सापडला, आणि त्यानेच युडॉक्सस नावाच्या ग्रीकाला हिंदुस्थानची वाट दाखवली. म्हणजे वारा आपल्याकडच्यांना आणि अरबांना आधीच ठाऊक होता. हिप्पालसने फार तर ग्रीक जहाजांना किनारा सोडून थेट समुद्र कापायला शिकवलं असेल.

वाऱ्याचं वेळापत्रक इतकं घट्ट असल्यामुळे राजकारणालाही त्यात पाचर मारता येत असे. ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणची नोंद आहे, कॅलिएना या नावाने. थोरल्या सातवाहन राजाच्या काळी ते नियमित व्यापाराचं बंदर होतं, पण सांदारेस नावाच्या दुसऱ्या सत्ताधीशाच्या हाती गेल्यापासून तिथला व्यवहार अडला, आणि चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहारा बसवून बारिगाझाला, म्हणजे भडोचला नेलं जाई. यातली मेख अशी की जहाज सप्टेंबरात आलेलं, परतायचं डिसेंबरात. मधले काही आठवडे भडोचच्या वाटेवर आणि तिथे नव्याने सौदे करण्यात गेले की जानेवारी हुकायची भीती. हुकली तर पुढचा ईशान्येचा वारा वर्षभरानंतर, तोवर माल, खलाशी आणि कर्ज सगळं बंदरात अडकून. बंदर बंद करायला आरमार लागत नव्हतं, थोडी दिरंगाई पुरत असे. पैठणचे खडे आणि तेरचं कापडही गाड्यांतून भडोचलाच जात असल्याचं तोच ग्रंथ सांगतो. पण वारा कोणाच्या हुकमाने वाहत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक प्रवासी हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांची यादी देतो, त्यात कल्याण पुन्हा आहे आणि तिथून कापड परदेशी जात असल्याची नोंदही.